आतला भाऊ मे महिन्यात

“गप्प. ऐक.”

एवढं बोलून तो डोळे मिटायचा, मान डाव्या खांद्यावर टाकायचा आणि एक बोट वर धरायचा. समोर कोण आहे याने त्याला फरक पडत नसे. शाळेच्या बाई असोत, दूधवाला असो, नाहीतर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका असोत. बोट वर गेलं की जगाने थांबायचं. कुणी मध्येच खोकलं तर तो एकच डोळा उघडायचा आणि त्या माणसाकडे असा बघायचा, की खोकणाऱ्याला आपल्या छातीची लाज वाटावी.

असा मुलगा तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. तुम्ही त्याला आगाऊ म्हणत असाल. आम्हीही म्हणायचो.

सहावीतला, किडकिडीत, गुडघ्यावर कायम खपली. मुलुंडला, डोंगराच्या बाजूला आमची जुनी चार मजली बिल्डिंग. मी दुसऱ्या मजल्यावर, तो तळमजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर. वडील लांबच्या फेऱ्यांचे ट्रक ड्रायव्हर, महिन्यातले निम्मे दिवस घराबाहेर. आई ब्लाउज शिवायची. माणसं कणकवलीकडची. आई रागावली की मालवणीत शिरायची, आणि ती मालवणीत शिरली की हा दारातून बाहेर पडायचा.

माझी ओळख म्हणजे पत्रकवाली ताई. पाणी आलं नाही, पत्रक. झाडं तोडली, पत्रक. फुटपाथ गायब, पत्रक. लोक माझ्या हातातून कागद घेतात आणि त्याचीच पुडी करून शेंगदाणे खातात. खाऊ देत. निदान मजकूर पोटाजवळ तरी जातो. त्या वर्षी गणपतीनंतर मी डीजेच्या भिंतींविरुद्ध पत्रक काढलं होतं : “रात्री दहानंतर आवाज बंद! झोप हा आमचा हक्क आहे!” दोन दिवसांनी तेच पत्रक हातात घेऊन हा माझ्या दारात.

“ताई, हे तूच लिहिलंस ना?”

“हो.”

“मग त्याच्यावर ॲक्शन घे.”

“कुणावर?”

“रातकिड्यावर. दहानंतर वाजतो. अकराला वाजतो, बारालाही वाजतो. झोप हा माझा हक्क आहे. तूच लिहिलंयस.”

मी हसले. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी हसायची थांबले.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच. पोरगा रात्रभर जागा आणि शाळेत बाकावर झोपलेला. बाईंनी डायरीत शेरा पाठवला होता. आईचं म्हणणं एकच, “किडो-बिडो काय नाय गे. मोबायल बघूक होयो असता. मी उठून बघतंय तर सगळा गपचिप. ह्यो झील माका येडी करतलो.” ती उठली की आवाज बंद. ती आडवी झाली की सुरू. मशीन चालवून थकलेली बाई, पाठ टेकली की झोपते, तिला काय ऐकू येणार? ठरून गेलं : मुलगा खोटारडा. आपल्याकडे हे किती पटकन ठरतं बघा. ज्याची तक्रार आपल्याला ऐकू येत नाही, तो खोटा. महानगरपालिकेपासून स्वयंपाकघरापर्यंत एकच नियम.

मी म्हटलं, ऐकायला येते. जेवणं झाल्यावर त्यांच्याकडे जाऊन भिंतीशी बसले. त्या भिंतीपलीकडे आमच्या बिल्डिंगची मीटर रूम. भिंतीला उशा लावून मायलेक झोपायचे. पाच मिनिटं काही नाही. मी पाय हलवला.

“हलू नको ना यार!” तो कुजबुजला.

मग आलं. आधी चाचपडत, एक-दोनदा. मग ठाम. भिंतीच्या तळाशी कुठेतरी फट असावी, तिथून थेट कानात. आई मशीनवरून उठली, तिच्या पावलाने फरशी जराशी हलली आणि आवाज कापल्यासारखा थांबला.

“बघितलंस? खोटं नाही बोलत हां मी.”

आईने कपाळावर हात मारला. पण त्या रात्री तिने त्याच्या डोक्यावर तेल घातलं, हे मी पाहिलं.

आवाज का थांबतो, हे मला माहीत नव्हतं. मला माहीत नसतं तेव्हा मी पल्लवीला बोलावते. पल्लवी आमच्या गटातली, कीटकांवर एमएस्सी केलेली, मोर्च्यातही मुंग्यांची रांग दिसली तर वाट बदलणारी. ती ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी आली. बाहेर अशी गरमी, की कंपाउंडची भिंत पाठीला भाजत होती. कुंपणाच्या मेंदीत रातकिडे नुसते पेटले होते. आम्ही पायऱ्यांवर बसलो.

“तो तोंडाने ओरडतो का रे?” पल्लवीने विचारलं.

“मग काय, पायाने?”

“पंखाने. आईचा कंगवा आण.”

कंगवा आला. पल्लवीने त्याच्या दात्यांवरून नख ओढलं. खर्र. “हे असं. उजवा पंख वर, डावा खाली. वरच्या पंखाच्या पोटाशी एक जाड शीर असते, तिच्यावर असे बारीक दाते. खालच्या पंखाची कड कडक असते, ती म्हणजे माझं नख. पंख उघडतो तेव्हा गप्प. मिटतो तेव्हा कड दात्यांवरून घासते. आणि पंखावर एक पातळ पडदा असतो, तबल्याच्या पुडीसारखा. तो थरथरतो, म्हणून एवढासा किडा तुझी झोप उडवतो.”

“पण वाजवतो कशाला? त्याला झोप नाही?”

“मादीला बोलावतो. वाजवणारे सगळे नर. मादी गप्प असते, ती ऐकते. पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या खाली, तिचे कान असतात. नरालाही तिथेच असतात.”

हे ऐकून तो पायरीवरून उठून भिंतीशी गेला. मग स्वतःचा गुडघा भिंतीला लावून बघितला. “आई, तुझे कान खंय असत गे?” त्याने आत हाक मारली. “पाठीवर धपाटो बसलो की समाजतला!” आतून उत्तर आलं.

“आणि आई उठली की थांबतो ते?”

“मागे दोन शेपट्या असतात त्याला, केसाळ. हवा हलली तरी त्यांना कळतं. जमिनीची थरथर पायांना कळते. तो वाजवत असतो म्हणजे सगळ्यांना सांगत असतो, मी इथे आहे. मादीला सांगतो तसं पालीलाही सांगतो. मग पाऊल वाजलं की गप्प व्हायचं, दुसरं काय करणार?”

मग तिने ती गोष्ट सांगितली जिच्यामुळे मी हे सगळं लिहिते आहे. आपलं शरीर आतून गरम राहतं, बाहेर थंडी असो की ऊन. रातकिड्याला ती सोय नाही. हवा जेवढी गरम, जवळपास तेवढाच तो. स्नायू हलतात ते आतल्या रासायनिक क्रियांच्या जोरावर, आणि त्या क्रिया गरमीत भराभर होतात, थंडीत रेंगाळतात. म्हणून गरम संध्याकाळी पंख भराभर मिटतात, गार हवेत सावकाश, आणि फारच गारठलं तर वाजवणंच बंद. दिवसा पक्षी टिपतात म्हणून तो लपतो. संध्याकाळी अंधार मिळतो, भिंतीत आणि मातीत दिवसभराची ऊब उरलेली असते, वारा पडलेला असतो, आवाज लांब जातो. वाजवायला याहून चांगली वेळ नाही.

“म्हणजे थंडीत तो आळशी नसतो. त्याला जमतच नाही.”

“बरोब्बर.”

“आणि मादीला कळतं, हा हळू का वाजवतोय?”

“ती त्याच हवेत बसलेली असते ना. तिचंही सगळं तेवढंच हळू. त्या वेळी तिला तोच वेग आवडतो. बऱ्याच जातींत असं असतं.”

“मस्त सेटिंग आहे,” तो म्हणाला.

झोप लगेच आली असं नाही. पण तो चिडायचा थांबला. भिंतीपलीकडच्याला त्याने ‘भाऊ’ म्हणायला सुरुवात केली. मी संध्याकाळी कामावरून आले की जिन्याखालून बातमी यायची, “ताई, आज भाऊ घाईत. पंखा फुल कर.” किंवा, “आज भाऊ जरा निवांत. पहाटे गारवा पडणार.” टीव्हीवरच्या हवामानापेक्षा मला ही बातमी जास्त कामाची वाटायची. आणि हळूहळू, भाऊ वाजत असतानाच तो झोपी जायला लागला. डायरीतले शेरे थांबले.

मग जानेवारी आला. डोंगराकडून वारा सुटला की मुलुंडला खरंच थंडी पडते, वांद्र्याकडच्यांनी हसू नये. कुंपणातले रातकिडे पार मंदावले. एक आवाज, मग लांबलचक विचार, मग दुसरा. आणि एका संध्याकाळी तो धावत माझ्या दारात. बोट वर नाही, डोळे मिटलेले नाहीत.

“ताई, काहीतरी लफडं आहे. आतला भाऊ मे महिन्यात आहे.”

मी खाली गेले, त्याच्या भिंतीशी बसले. खरंच. बाहेर मेंदीत थकलेली किरकिर, आणि भिंतीपलीकडे एकाच दमात तुफान वाजतंय.

“एवढा फास्ट वाजवून काय उपयोग?” तो म्हणाला. “बाहेरच्या सगळ्या जानेवारीत. याचं लग्न जमायचं नाही.”

मी पल्लवीला फोन लावला. ती सावध बाई. म्हणाली, घरात राहणारा रातकिडा वेगळ्या जातीचा असू शकतो, दोन जातींचा वेग मुळातच वेगळा असतो. बाहेरच्याशी तुलना करू नका, त्याची तुलना त्याच्याशीच करा.

त्याने केली. तीन-चार दिवस तो शाळेतून आल्यापासून जेवणापर्यंत कान लावून असायचा. निष्कर्ष त्याने जिन्यात मला ऐकवला. अंधार पडला की बाहेर गार होत जातं, बाहेरचे हळू होत जातात. आतल्याने पण हळू व्हायला पाहिजे. तो उलटा चाललाय. लोक कामावरून येतात, गिझर लावतात, टीव्ही लावतात, आणि हा फास्ट होत जातो.

“त्याच्या बुडाखाली कायतरी तापतंय, ताई.”

आता मीटर रूमबद्दल सांगते, म्हणजे माझा आवाज का चढतो ते कळेल. मुंबईत सोसायटीला दोन गोष्टी ठेवायला जागा नसते : म्हातारी माणसं आणि गणपतीचं सामान. म्हातारी माणसं गॅलरीत बसतात. सामान मीटर रूममध्ये जातं. आमच्याकडेही तेच. थर्माकोलचं मखर, पडदे, सतरंज्या, हळदीकुंकवाची कागदी फुलं, कॅरम. सगळं मीटरच्या बोर्डाला टेकून, छतापर्यंत. बाहेर लोखंडी दार, दाराला कुलूप, किल्ली सेक्रेटरी काकांच्या देवघरात. यावर माझी दोन पत्रकं होऊन गेली होती. त्यांची काय गत झाली ते तुम्हाला माहीत आहे. शेंगदाणे. आणि त्या ढिगापासून एका भिंतीच्या अंतरावर एक आई आणि तिचा मुलगा रोज डोकं टेकत होते.

मी त्याच संध्याकाळी काकांकडे गेले. काका वाईट माणूस नव्हे. बिल्डिंगची टाकी स्वतः उतरून साफ करतात. पण त्यांच्या हातात वाटी होती आणि वाटीत श्रीखंड होतं.

“म्हणजे किडा म्हणतोय म्हणून मी इलेक्ट्रिशियन बोलवू?”

“किडा नाही, काका, गरमी...”

“जानेवारीत गरमी? अगं, मी स्वेटर घालून बसलोय. रविवारी बघू.”

मी तणतणत वर आले आणि तिसरं पत्रक लिहायला बसले. “तीव्र निषेध” इथपर्यंत पोचले आणि लाइट गेली. सगळ्या गल्लीची.

खालून हाक आली, “ताई! लवकर ये! चप्पल काढून ये!”

अंधारात आम्ही तिघं भिंतीशी बसलो, तो, त्याची आई आणि मी. मोबाइलचा उजेडही त्याने बंद करायला लावला. पंखे, टीव्ही, मिक्सर, फ्रिज, सगळं मेलेलं. अशी शांतता मुंबईत क्वचितच मिळते. आणि त्यात आतला भाऊ, भरधाव.

“गप्प. ऐका.”

आम्ही ऐकलं. थोडा वेळ तसाच गेला. मग आवाजांच्या मधली फट वाढल्यासारखी वाटली. मला वाटलं भास आहे. आणखी थोडा वेळ, आणि भास राहिला नाही. तो मंदावत होता. जशी चुलीवरून उतरवलेली कढई निवते, तसा. सुरुवातीला एका श्वासात मला मोजता येत नव्हते एवढे आवाज यायचे, ते आता सुटे सुटे ऐकू येत होते. आईने माझा हात धरला होता.

“आलीऽऽ!” सगळ्या बिल्डिंगने आरोळी ठोकली. दिवे लागले, टीव्ही बोंबलायला लागले, वर कुणाचा तरी गिझर घुमायला लागला. पाऊण तासाने भाऊ पुन्हा मे महिन्यात पोचला.

मी फोनवर पल्लवीला सांगितलं. ती फक्त एवढंच म्हणाली, “इलेक्ट्रिशियन बोलवा. रविवारी नाही, आत्ता.”

मी काकांकडे निघाले, डोक्यात भाषण तयार. जिन्यात त्याने मला अडवलं. “तू नको बोलूस, ताई. तू बोललीस की ते चिडतात. मी आणतो.” आणि आणलंच. काय सांगितलं कोण जाणे. काका स्वेटरमध्ये, कपाळाला आठ्या, धाडधाड पावलं टाकत खोलीत शिरले. अर्थातच भाऊ गप्प झाला.

“कुठेय तुझा थर्मामीटर?”

“काका, बसा. खाली. पाय हलवू नका.”

काकांसारखा माणूस जमिनीवर मांडी घालून बसला. ब्लाउजांच्या कापडाचे तुकडे सगळीकडे पसरलेले. आईने संकोचून ते गोळा करायला हात पुढे केला, तर मुलाने बोट वर धरलं. ती थांबली. काकाही थांबले. आणि मग भिंतीपलीकडून सुरू झालं.

“आता बाहेर चला. हळू.” त्याने काकांना कुंपणापाशी नेलं. मेंदीतला एक म्हातारा रातकिडा अडखळत वाजत होता. काका दोन्ही ऐकून आत आले आणि पुन्हा बसले. चेहऱ्यावर पटल्याची खूण नव्हती. काकांनी आयुष्यात कधी पटल्याची खूण दाखवलेली नाही.

“वेगळा असेल तो आतला,” ते म्हणाले. पल्लवीचंच म्हणणं होतं ते, म्हणजे चूक नव्हतं.

“असेल. पण लाइट गेल्यावर तोच हळू झाला, आणि लाइट आल्यावर तोच फास्ट झाला. किड्याला लाइट गेल्याचं काय, काका? तो कुठे सीरियल बघतो?” मग जरा थांबून, अगदी सहज, “काका, मखर तुम्हीच केलंय ना? थर्माकोलचं? आत आहे ना ते?”

काका उठले. किल्ली आणायला जाताना त्यांनी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढलेल्या मी पाहिल्या.

दार उघडलं आणि पहिल्यांदा वास आला. जळका नव्हे, जळण्याच्या बेतात असलेला. तापलेल्या प्लॅस्टिकचा. काकांनी सगळ्यांना मागे सारलं आणि वीज कंपनीला फोन लावला. आईने पाण्याची बादली उचलली तर मुलगाच ओरडला, “पाणी नको गे आई, करंट असा!” कंपनीचा माणूस येऊन त्याने सगळा पुरवठा बंद केला, मग सामान बाहेर निघालं. मखर सर्वात शेवटी. मखराची मागची बाजू एका जागी वितळून वाटीसारखी आत गेली होती. तिच्या समोर, बोर्डाच्या खालच्या अंगाला, न्यूट्रलच्या, म्हणजे सगळ्या घरांचा करंट जिच्यातून परत जातो त्या जाड वायरीचा जोड. जोड ढिला झालेला. वायरीवरचं आवरण तपकिरी होऊन ओघळलेलं.

“लोड वाढला की हाच तापत होता,” तो माणूस म्हणाला. “नशीब बघा. कुणी सांगितलं?”

काकांनी मुलाकडे पाहिलं, आईने मुलाकडे पाहिलं. मुलगा बोर्डाखाली वाकून मोबाइलच्या उजेडात काहीतरी शोधत होता.

“हा बघा,” तो म्हणाला. विटेच्या फटीत, ओघळलेल्या वायरीपासून बोटभर अंतरावर, वाळक्या गवताच्या रंगाचा, झुरळाच्या पिल्लाएवढा एक किडा. लांब मिशा हलवत. “अरे, एवढासाच आहे.”

कंपनीचा माणूस पाय पुढे करणार तेवढ्यात काका खेकसले, “ओ! त्याला हात लावायचा नाही!”

जोड बदलला. मीटर रूममध्ये आता फक्त मीटर असतात. तो नियम काकांनी नोटीस बोर्डावर स्वतःच्या अक्षरात लावला. माझं तिसरं पत्रक निघालंच नाही. पहिल्यांदाच एखादी मागणी कागदावर यायच्या आधी मान्य झाली.

पुढच्या मे महिन्यात ते लोक गेले. भाडं वाढलं आणि वडिलांना पनवेलच्या बाजूला काम लागलं. मशीन टेम्पोत चढवताना तो ड्रायव्हरशेजारी बसायच्या घाईत होता, माझ्याकडे धड बघितलंही नाही. पोरं अशीच जातात, आणि तशीच जावीत. आता त्या खोलीत एक तरुण जोडपं आहे. भिंतीला कपाट लावलंय.

मला तो आठवतो तो जोड बदलल्याच्या दुसऱ्या संध्याकाळचा. चौकशीला म्हणून मी खाली गेले. दार लोटलेलं. आई मशीनवर होती, पण मशीन चालवत नव्हती. हातानेच बटणं टाचत होती. तिने मला बसायची खूण केली.

वर कुणाकडे तरी कुकरची शिट्टी होत होती. बाहेर वारा होता. तो भिंतीला डोकं लावून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपला होता. आणि भिंतीपलीकडून एक आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. अगदी सावकाश.

“जानेवारी,” आई हळूच म्हणाली, आणि दाताने दोरा तोडला.